पीआरपी, बोटॉक्स आणि ‘शून्य टक्के’ हप्ते: एका क्लिनिकच्या नामंजूर जाहिरातींचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरातल्या केस व त्वचा क्लिनिकचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत आणि रकमा बदलल्या आहेत. क्लिनिकमध्ये दोन त्वचारोगतज्ज्ञ आहेत, केस प्रत्यारोपण हा मुख्य व्यवसाय आहे आणि त्याच्या जोडीला मुरुम, वांग, लेझर असे नेहमीचे उपचार चालतात. नव्या रुग्णांपैकी बरेचसे गूगलवरच्या शोध-जाहिरातींमधून येत असत. जाहिरातींचे काम एका स्थानिक एजन्सीकडे आणि वेबसाइटचे काम दुसऱ्याच एका डेव्हलपरकडे होते. ही विभागणी पुढे महत्त्वाची ठरली, कारण साइटवर काय चढले आहे हे एजन्सीला कळत नव्हते आणि त्याचा जाहिरातींवर काय परिणाम होतो हे डेव्हलपरला माहीत नव्हते.

साइट नव्याने बांधताना दोन गोष्टी वाढवण्यात आल्या. एक म्हणजे वरच्या मेन्यूमध्ये सगळ्या उपचारांची लांबलचक यादी, ज्यात केसगळतीवरील पीआरपी, जीएफसी, एक्सोसोम आणि सुरकुत्यांवरील बोटॉक्स ही नावे होती. दुसरी म्हणजे ‘सोपे हप्ते’ नावाचे पान, ज्यावर ‘शून्य टक्के व्याज, पाच मिनिटांत मंजुरी’ असे लिहून मोबाइल क्रमांक व पॅन भरून घेणारा फॉर्म दिला होता. फॉर्ममधली माहिती क्लिनिकशी करार असलेल्या एका कर्जपुरवठादार संस्थेकडे जात असे.

अडचण

नवी साइट सुरू झाल्यावर थोड्याच काळात जवळजवळ सगळ्या जाहिराती नामंजूर झाल्या. वर्षभर बिनबोभाट चाललेली, एक अक्षरही न बदललेली केस प्रत्यारोपणाची जाहिरातसुद्धा त्यात होती. एजन्सीने तिची शीर्षके सौम्य केली, ‘सर्वोत्तम’ हा शब्द काढला, नवी जाहिरात बनवून पाहिली. प्रत्येक वेळी तोच शिक्का बसला. मग लागोपाठ अपिले झाली आणि तीही फेटाळली गेली. आम्हाला सल्ल्यासाठी बोलावले गेले ते या टप्प्यावर.

जाहिरातींच्या तक्त्यात धोरणाचा तपशील दाखवणारा स्तंभ उघडल्यावर तीन वेगवेगळी कारणे दिसली. बहुतेक जाहिरातींवर ‘Speculative and experimental medical treatment’, म्हणजे अप्रमाणित व प्रायोगिक उपचार, हे कारण होते. काहींवर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या नावांविषयीचे कारण होते. हप्त्यांविषयीच्या जाहिराती आणि ‘सोपे हप्ते’ या साइटलिंकवर, म्हणजे जाहिरातीखालच्या जादा दुव्यावर, वित्तीय सेवा पडताळणी झाली नसल्याचे कारण होते. एजन्सीने ही तिन्ही कारणे ‘हेल्थ पॉलिसी’ या एकाच नावाखाली धरली होती आणि तिन्हींसाठी एकच अपील, तेही संपूर्ण खात्यासाठी, पुन्हा पुन्हा पाठवले होते. वास्तविक या तीन कारणांची उत्तरे तीन वेगळ्या दिशांना आहेत: पहिल्यात मजकूर काढण्यावाचून गत्यंतर नसते, दुसऱ्यात शब्द बदलून भागते आणि तिसऱ्यात आपला व्यवसाय नेमका कोणता, हे आधी ठरवावे लागते.

निदान

पहिले कारण समजून घेताना सर्वांत जास्त वेळ गेला, कारण ते डॉक्टरांना अपमानास्पद वाटत होते. पीआरपी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रव टाळूत टोचण्याचा उपचार. तो आपल्याकडे शेकडो क्लिनिकमध्ये रोज होतो, त्याला ‘प्रायोगिक’ का म्हणायचे, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. परंतु गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये सिद्ध न झालेल्या उपचारांच्या जाहिरातींवर बंदी आणताना जे धोरण केले, त्याच्या उदाहरणांमध्ये स्टेम सेल व जनुकीय उपचारांच्या सोबतीने प्लेटलेटयुक्त प्लाझ्माचा उल्लेख नावानिशी आहे. धोरणातच नाव आले असल्यामुळे आपला उपचार सुरक्षित आहे की नाही, हा वाद अपिलात उभाच राहत नाही. तेथे एवढेच पाहिले जाते की जाहिरातीत किंवा ती जेथे नेते त्या पानावर त्या उपचाराचा प्रचार आहे की नाही.

डॉक्टरांनी तोवर शोधनिबंधांचा एक जाडजूड संच तयार करून मदत कक्षाकडे पाठवला होता. त्याचा उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता. जाहिरातीच्या अपिलाच्या खिडकीत बाजू मांडायला जवळजवळ जागाच नसते: कारण निवडायचे, व्याप्ती निवडायची आणि पाठवायचे. अपील ही धोरणाच्या योग्यतेविषयीची सुनावणी नव्हे. आहे ते धोरण या पानाला लागू होते की नाही, याची ती फेरतपासणी आहे. हे एकदा मान्य केले की अपिलाची तयारी म्हणजे युक्तिवाद लिहिणे नव्हे, तर पान तपासणे, हे आपोआप स्पष्ट होते.

प्रत्यारोपणाची जुनी जाहिरात का अडकली, याचे उत्तरही येथेच होते. नव्या मेन्यूमुळे ‘पीआरपी’ आणि ‘एक्सोसोम’ हे शब्द साइटच्या प्रत्येक पानावर पोहोचले होते. जाहिरात निर्दोष होती. तिच्यामागचे पान बदलले होते. शीर्षके बदलून काही होत नव्हते ते यामुळेच.

दुसरे कारण सोपे होते. बोटॉक्स हे चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचे व्यापारी नाव आहे आणि फिनास्टेराइड हे केसगळतीवरच्या, चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचे मूळ नाव. अशी नावे जाहिरातीत, ज्या शोधशब्दांवर ती दिसते त्या कीवर्डमध्ये आणि जाहिरातीच्या पानावर वापरण्याची मुभा गूगल मोजक्याच देशांत देते. भारत त्यांत नाही. ‘बोटॉक्स’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला असला तरी पडताळणीच्या दृष्टीने ते औषधाचेच नाव राहते.

तिसऱ्या कारणाकडे क्लिनिकने सर्वांत कमी लक्ष दिले होते, कारण आपण वित्तीय सेवा देतो हेच त्यांना मान्य नव्हते. “आम्ही फक्त पेशंटची सोय करतो,” असे व्यवस्थापक म्हणत. पण भारतात वित्तीय सेवा शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवायची तर गूगलची पडताळणी लागते, आणि ‘हेअर ट्रान्सप्लांट लोन’, ‘मेडिकल लोन ईएमआय’ यांसारखे कीवर्ड खात्यात होते. शिवाय वैयक्तिक कर्जाविषयीचे धोरण फक्त कर्ज देणाऱ्यालाच लागू होते असे नाही. ग्राहक मिळवून देणारा आणि ग्राहकाची कर्जदात्याशी गाठ घालून देणारा, हे दोघेही त्यात येतात. घर, वाहन किंवा शिक्षणासाठी नसलेले, एकदाच घेतलेले कर्ज हे या धोरणात वैयक्तिक कर्ज मानले जाते, त्यामुळे उपचारासाठीचे कर्ज त्यातच बसते. अशा पानावर परतफेडीची किमान व कमाल मुदत, कमाल वार्षिक दर आणि सर्व शुल्कांसह एकूण खर्चाचे एक उदाहरण ठळकपणे द्यावे लागते. ‘सोपे हप्ते’ या पानावर यांपैकी काहीच नव्हते.

‘शून्य टक्के’ म्हणजे किती?

येथे आम्ही क्लिनिकला एक हिशेब मांडून दाखवला. समजा १,२०,००० रुपयांचा उपचार दरमहा १०,००० रुपयांच्या १२ हप्त्यांत फेडायचा आहे. व्याज शून्य असले तरी कर्जपुरवठादार २,५०० रुपये प्रक्रिया शुल्क घेतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुरुवातीलाच २,९५० रुपये जातात. रुग्णाच्या पदरात प्रत्यक्षात १,१७,०५० रुपयांचे कर्ज पडते आणि तो फेडतो १,२०,०००. या देवघेवीचा वार्षिक दर सुमारे ४.६ टक्के निघतो. हा दर काही भयंकर नाही, पण तो शून्यही नाही, आणि ‘शून्य टक्के’ वाचून आलेल्या रुग्णाला हे फॉर्म भरल्यानंतर कळते.

रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना उद्देशून हेच सांगितले होते की शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, व्याजाचा भार प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकावर टाकलेला असतो. डॉक्टरांना हा हिशेब पटला आणि त्यानंतर हप्त्यांच्या पानाविषयीची चर्चा ‘जाहिरात कशी मंजूर करून घ्यायची’ या प्रश्नावरून ‘रुग्णाला काय सांगायचे’ या प्रश्नावर आली. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा टप्पा होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय निर्णयावरच आक्षेप घेण्याचा. अपील करताना दोन कारणांमधून एक निवडावे लागते: ‘Dispute decision’ म्हणजे निर्णयच चुकीचा आहे, किंवा ‘Made changes to comply with policy’ म्हणजे आम्ही बदल केले आहेत, पुन्हा पाहा. एजन्सीने प्रत्येक वेळी पहिले निवडले होते आणि पान मात्र जसेच्या तसे होते. नाव पानावर दिसत असताना घेतलेला असा आक्षेप टिकत नाही, आणि एकाच जाहिरातीसाठी अपिलांना मर्यादा असल्यामुळे संधीही वाया जाते. आक्षेपाचा मार्ग योग्य ठरतो तो आरोप केलेली गोष्ट पानावर खरोखर नसताना, किंवा शब्द भलत्याच अर्थाने आलेला असताना.

दुसरा पर्याय नवे डोमेन घेऊन नव्या खात्यातून जाहिराती चालवण्याचा होता. एजन्सीचा कल याकडे होता. याचाच भाऊबंद म्हणजे गूगलच्या तपासणी यंत्राला एक पान आणि माणसांना दुसरे पान दाखवणे. आम्ही दोन्हींना ठाम नकार दिला. नामंजुरी ही सहसा एका जाहिरातीपुरती बाब असते. यंत्रणेला चकवण्याचा ठपका मात्र संपूर्ण खात्यावर येतो आणि त्यात आगाऊ इशारा न देता खाते बंद होऊ शकते. नामंजूर जाहिरात दुरुस्त होते, पण चकवल्याच्या कारणाने बंद झालेले खाते परत मिळवणे फार कठीण असते.

तिसरा पर्याय नाव बदलण्याचा: पीआरपीऐवजी ‘जीएफसी’ किंवा नुसते ‘ग्रोथ थेरपी’ लिहायचे. धोरण ‘तत्सम पुनरुत्पादक उपचारां’नाही लागू आहे, म्हणून हा मार्ग तात्पुरता ठरला असता, आणि उपचाराचे खरे नाव रुग्णापासून लपवणे डॉक्टरांनाही पसंत नव्हते.

चौथा पर्याय संपूर्ण साइटवरून हे उपचार पुसून टाकण्याचा होता. जाहिरातींच्या दृष्टीने तो सर्वांत सुरक्षित, यात शंका नाही. पण क्लिनिक हे उपचार कायदेशीररीत्या करते आणि आधीपासूनचे रुग्ण त्यांची तयारी, पथ्ये, खर्च याच साइटवर वाचतात. म्हणून पाचवा, मधला पर्याय निवडला: त्याच डोमेनवर जाहिरातींसाठी स्वतंत्र पाने करायची, त्यांवर सामाईक मेन्यू व तळाची यादी ठेवायची नाही, आणि पीआरपी व बोटॉक्सची पाने साइटवर ठेवली तरी जाहिरातींच्या पानांवरून त्यांकडे एकही दुवा ठेवायचा नाही. ही पाने माणसांना व तपासणी यंत्राला सारखीच दिसतात, त्यामुळे यात लपवाछपवी नाही. तरीही याला मर्यादा आहे: तपासणारा साइटवर पुढे गेला तर त्याला पीआरपीचे पान सापडेल आणि प्रश्न पुन्हा निघू शकेल. ही जोखीम क्लिनिकला लेखी सांगून, त्यांच्या संमतीनेच आम्ही पुढे गेलो.

हप्त्यांबाबत दोन मार्ग होते. पडताळणीसाठी अर्ज करून कर्जपुरवठादाराच्या परवान्याच्या आधारे कर्जाची जाहिरात करायची, किंवा कर्जाची जाहिरात सोडूनच द्यायची. क्लिनिकला केस प्रत्यारोपण करायचे आहे, कर्ज विकायचे नाही, असे व्यवस्थापकांनीच शेवटी म्हटले आणि दुसरा मार्ग पक्का झाला.

केलेली कार्यवाही

सर्वप्रथम अपिले पूर्ण थांबवली. नंतर प्रत्येक जाहिरात, साइटलिंक आणि कीवर्ड यांची यादी करून त्यांच्यापुढे नामंजुरीचे नेमके कारण व अंतिम यूआरएल, म्हणजे ती जेथे नेते त्या पानाचा पत्ता, लिहिले. साइटलिंकला स्वतःचे यूआरएल असते आणि ती स्वतंत्रपणे नामंजूर होते, हे या यादीमुळे प्रथमच सर्वांच्या लक्षात आले.

नंतर नवी पाने तयार झाली आणि त्यांतले शब्द शोधण्यासाठी डेव्हलपरला पुढील आज्ञा दिली. ती गूगलच्या जाहिरात-तपासणी यंत्राचे नाव घेऊन पान उतरवते आणि अडचणीचे शब्द ओळ क्रमांकासह दाखवते.

```
curl -sL -A "AdsBot-Google (+http://www.google.com/adsbot.html)" \
  https://www.example.com/hair-transplant |
  grep -inE "prp|पीआरपी|platelet|प्लेटलेट|stem cell|exosome|एक्सोसोम|botox|बोटॉक्स|finasteride|फिनास्टेराइड"
```

पहिल्याच तपासणीत एक विचित्र गोष्ट दिसली. डेव्हलपरच्या संगणकावर पान स्वच्छ होते, पण आज्ञेच्या उत्तरात जुना मेन्यू जसाच्या तसा येत होता. कारण कॅशिंग. डेव्हलपर साइटमध्ये लॉगिन केलेला असल्यामुळे त्याला ताजे पान दिसे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे तपासणी यंत्रालाही, साठवलेले जुने पान मिळत होते. या अवस्थेत ‘बदल केले आहेत’ असे सांगून अपील केले असते तर ते नक्कीच फेटाळले गेले असते. कॅशे रिकामे केले, लॉगिन नसलेल्या ब्राउझरमधून पान पाहिले आणि मगच पुढे गेलो.

आता अपील केले, पण संपूर्ण खात्यासाठी नव्हे. फक्त प्रत्यारोपणाच्या कॅम्पेनसाठी, म्हणजे त्या विषयाच्या जाहिरातींच्या गटासाठी, ‘Made changes to comply with policy’ हे कारण निवडून. व्याप्ती लहान ठेवण्याचा फायदा असा की मंजुरी मिळाली तर नेमका कोणता बदल लागू पडला ते कळते आणि नाही मिळाली तर शोध मर्यादित राहतो. जाहिरातीचा मजकूर बदलला की ती आपोआप पुन्हा तपासणीला जाते. पण येथे केवळ पान बदलले होते, म्हणून अपील करणे आवश्यकच होते. अपिलाची स्थिती ‘Appeal history’ मध्ये पाहता येते. हे अपील मंजूर झाले.

मुरुमांच्या उपचारांचे अपील मात्र फेटाळले गेले, आणि त्या पानावर वरील आज्ञेला एकही शब्द सापडत नव्हता. ही आज्ञा पानाचा मूळ मजकूर वाचते, स्क्रिप्ट चालवत नाही. नंतर लोड होणारे घटक तिला दिसत नाहीत. ब्राउझरमध्ये पान पूर्ण उघडून, थोडे थांबून शोध घेतल्यावर उजव्या कोपऱ्यातील चॅटची खिडकी उघडली आणि तिच्यात तयार प्रश्नांची बटणे दिसली. त्यांतले दुसरे बटण होते ‘पीआरपीचा खर्च किती?’ त्याखेरीज रुग्णांचे अभिप्राय फिरवून दाखवणाऱ्या पट्टीत एका रुग्णाने ‘botox’ चे कौतुक केले होते. दोन्ही गोष्टी बाहेरच्या सेवांमधून येत असल्यामुळे डेव्हलपरच्या फायलींत त्या कधीच दिसल्या नसत्या. चॅटचे प्रश्न बदलले, अभिप्रायांची पट्टी जाहिरातींच्या पानांवरून काढली आणि दुसऱ्या अपिलात तेही मंजूर झाले.

एका पानाबाबत मतभेद झाले. मोठ्या डॉक्टरांनी ‘स्टेम सेलच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीपासून सावध राहा’ अशा आशयाचा एक चांगला लेख लिहिला होता. तो प्रचाराचा नव्हता, उलट इशाऱ्याचा होता. तरीही जाहिरातींच्या पानाच्या तळाशी त्याचे शीर्षक दुव्यासह येत होते. आक्षेप घेण्यास हे योग्य उदाहरण होते. परंतु त्या वेळी दुसऱ्या जाहिराती नुकत्याच सुरळीत होत होत्या, म्हणून लेख साइटवर कायम ठेवून केवळ जाहिरातींच्या पानांवरचा त्याचा दुवा काढला. डॉक्टरांना हे फारसे आवडले नाही आणि त्यांची नाराजी मला पूर्णपणे समजते.

गूगलच्या वेगवेगळ्या जागांवर आपोआप जाहिराती दाखवणाऱ्या परफॉर्मन्स मॅक्स प्रकारच्या कॅम्पेनकडे वेगळे लक्ष द्यावे लागले. तिच्यात अंतिम यूआरएलचा विस्तार चालू असेल तर यंत्रणा साइटवरील इतर योग्य वाटणारी पाने स्वतःच निवडते, आणि तसे होऊन जाहिराती थेट पीआरपीच्या पानावर जात होत्या. हा विस्तार बंद केला. रीमार्केटिंगच्या, म्हणजे आधी साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवण्याच्या, याद्याही काढल्या, कारण आरोग्याच्या तक्रारी आणि सौंदर्य शस्त्रक्रियांसाठी व्यक्तीच्या आधीच्या वर्तनावर आधारित जाहिराती गूगल चालू देत नाही. बोटॉक्सचे सगळे कीवर्ड हटवले आणि जाहिरातीच्या पानावर ‘सुरकुत्यांवरील उपचार’ एवढेच लिहिले.

हप्त्यांचे पान पूर्ण बदलले. फॉर्म, ‘शून्य टक्के’ आणि ‘पाच मिनिटांत मंजुरी’ हे सगळे गेले. त्याजागी उपचाराचे शुल्क हप्त्यांत भरण्याची सोय आहे, कर्ज स्वतंत्र संस्था देते, शुल्क व वार्षिक दर तिच्या मुख्य तथ्य विवरणपत्रात वाचूनच सही करावी, अशी साधी वाक्ये आली. कर्जाचे कीवर्ड काढले आणि ‘लोन’ हा शब्द नकारात्मक कीवर्ड म्हणून जोडला, जेणेकरून कर्ज शोधणाऱ्यांना या जाहिराती दिसू नयेत.

याच ओघात ‘टक्कल कायमचे बरे’ हे क्लिनिकच्या तेलाच्या पानावरील वाक्यही काढले. त्यावर गूगलने काही म्हटले नव्हते. परंतु औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये टक्कल नावानिशी आहे आणि ते बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. जाहिरात मंजूर होणे आणि ती कायद्यात बसणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

परिणाम

प्रत्यारोपण, मुरुम आणि लेझर या तिन्ही कॅम्पेन पुन्हा सुरू झाल्या. पीआरपी आणि बोटॉक्ससाठी शोध-जाहिराती कायमच्या बंद झाल्या आणि त्या उपचारांच्या नव्या चौकशा साहजिकच घटल्या. त्यांची भरपाई जाहिरातींतून होणार नाही, हे क्लिनिकने स्वीकारले. हप्त्यांच्या पानामुळे येणाऱ्या चौकशाही कमी झाल्या, मात्र स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांच्या सांगण्यानुसार शुल्कावरून होणारे वाद जवळजवळ थांबले. काही जाहिराती ‘मर्यादित पात्र’ या स्थितीत राहिल्या. ती नामंजुरी नाही. जाहिरात चालते, फक्त कोठे व कोणाला दिसेल यावर बंधने असतात. एजन्सी तिच्यासाठीही अपील करू पाहत होती, ते थांबवले.

पुढे एकदा डेव्हलपरने साइटचा साचा अद्ययावत केला आणि जुना मेन्यू जाहिरातींच्या पानांवर परतला. या वेळी नामंजुरी येण्याआधीच तो लक्षात आला, कारण वरील आज्ञा आता दर आठवड्याला सर्व जाहिरात-पानांवर आपोआप चालते आणि शब्द सापडल्यास एजन्सीला ईमेल जातो. चॅट आणि अभिप्राय मात्र माणसालाच उघडून पाहावे लागतात. ते काम स्वागतकक्षातील एका ताईंकडे सोपवले आहे.

काय वेगळे करता आले असते

नामंजुरी दिसताच एजन्सीने जाहिरातीऐवजी पान उघडले असते, तर अपिलांच्या बऱ्याच संधी वाचल्या असत्या. जाहिरात बदललेली नसताना ती अचानक नामंजूर झाली, ही एकच खूण पान बदलल्याचे सांगायला पुरेशी होती.

इशारा देणाऱ्या लेखाबाबत माझे मत आजही असे आहे की गडबड शांत झाल्यावर त्याच्यासाठी स्वतंत्र आक्षेप घ्यायला हवा होता. एकाच जाहिरातीसाठी, त्या लेखाचा दुवा ठेवून, ‘Dispute decision’ निवडून ते करता आले असते. फेटाळले गेले असते तरी नुकसान एका जाहिरातीपुरते राहिले असते, आणि मान्य झाले असते तर रुग्णाला सावध करणारा मजकूर त्याच्यासमोर ठेवता आला असता.

हप्त्यांच्या बाबतीत कर्जपुरवठादाराशी करार करतानाच जाहिरातीचे कलम पाहायला हवे होते. संस्थेने पाठवलेला ‘शून्य टक्के’चा तयार मजकूर क्लिनिकने जसाच्या तसा चढवला होता, आणि त्याची जबाबदारी मात्र क्लिनिकच्या जाहिरात खात्यावर आली. आता करारात अशी अट आहे की क्लिनिकच्या साइटवर जाणारा प्रत्येक मजकूर कमाल वार्षिक दर व सर्व शुल्कांच्या तपशिलासह लेखी यावा, आणि तो चढवण्यापूर्वी एजन्सी, डेव्हलपर व एक डॉक्टर असे तिघेही पाहतील.